बांबूचं दुकान बांधायचंय? आधी पाणी, भुंगेरा आणि वारा यांचा हिशेब करा



'कमी भांडवलात दुकानाची जागा' या व्हिडिओत मी बांबूचा फक्त दोन मिनिटं उल्लेख केला होता. दोन मिनिटांत हा विषय आटपत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. शेवटी रॅम्ड अर्थबद्दल, म्हणजे साच्यात माती ठोकून उभ्या केलेल्या भिंतीबद्दलही बोलू. काही गावांत बांबूपेक्षा ती परवडते आणि काही गावांत तिच्या वाटेला जाऊच नये.

बांबू मजबूत आहे का, हा प्रश्न सगळे विचारतात. आहे. पण बांबूची शेड पडते तेव्हा काठी कमजोर होती म्हणून ती क्वचितच पडते. खांबाचा बुडखा कुजलेला असतो, भुंगेऱ्याने आतून पीठ केलेलं असतं, नाहीतर वाऱ्याने छप्पर उचललेलं असतं. या तिन्ही गोष्टींची सोय बांधण्याआधीच करावी लागते, नंतर करता येत नाही. म्हणून आजचा धडा या तिघांवरच आहे.

आपलं उदाहरण

समजा, कुडाळ तालुक्यात रस्त्याला लागून तुमची जागा आहे. तिथे काजू, कोकम आणि घरगुती मसाले विकायला १० फूट बाय १५ फुटांचं दुकान टाकायचंय. एकच मजला, पुढून उघडं, रात्री बंद करता येईल असं. पावसाळा कोकणातला, म्हणजे चार महिने धो-धो.

या भागात मिळणारा बांबू म्हणजे माणगा. त्याला काटे नसतात, तो सरळ वाढतो आणि जवळपास भरीव असतो. पोकळ बांबूत स्क्रू-बोल्ट मारताना काठी चिरायची भीती असते, ती माणग्यात बरीच कमी. त्याची जाडी मात्र साधारण दीड-दोन इंच. त्यामुळे एका काठीचा खांब होत नाही, चार काठ्या एकत्र बोल्टने आवळून एक खांब करतात. कुडाळमध्येच कोनबॅक ही संस्था माणग्यावर काम करते. तिथलं बांधकाम एकदा डोळ्यांनी पाहून या, मग पुढचं वाचताना चित्र स्पष्ट होईल.

एक शंका आधीच दूर करतो. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या खाजगी जमिनीतला बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याखालचा परवाना लागत नाही. दुकान बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागतेच, ती वेगळी गोष्ट.

पहिली सोय: काठी निवडणं आणि भुंगेऱ्याचं जेवण काढून घेणं

बांबूत स्टार्च असतो. भुंगेऱ्याला तेच हवं असतं. टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून तो आत शिरतो आणि आतून काठीचं पीठ करतो. बाहेरून काठी छान पिवळीधमक दिसते, पण खाली जमिनीवर बारीक पीठ सांडलेलं असतं. ते पीठ दिसायला लागलं की समजायचं, आतलं जेवण सुरू झालं.

यावर उपाय तोडणीपासूनच सुरू होतो. काठी तीन ते पाच वर्षांची हवी. कोवळ्या काठीत ओलावा जास्त असतो, ती सुकताना आक्रसते आणि किडीलाही लवकर बळी पडते. वय ओळखायची साधी खूण अशी: कोवळ्या काठीवर पांढरट पावडर आणि खालच्या गाठींवर सालीची पानं चिकटलेली दिसतात. जून काठीवर ती नसतात, उलट राखाडी-पांढरे डाग पडलेले असतात, आणि कोयत्याच्या मुठीने वाजवली तर ठणठणीत आवाज येतो. बेटाच्या मालकाला दरवर्षी नव्या काठ्यांवर रंगाची खूण करायची सवय असेल, तर अंदाज लावायचीही गरज नाही.

तोडायची ती पावसाळा संपल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नवे कोंब येत असताना तोडू नका. तोडताना जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे बुंध्याच्या खळग्यात पाणी साचून बेट कुजत नाही. पुढच्या वर्षी त्याच मालकाकडून काठ्या घ्यायच्या आहेत ना!

आता प्रक्रिया. लहान कामाला घरच्या घरी जमणारी पद्धत म्हणजे बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं पाणी. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. प्रमाण सोपं आहे: १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक अ‍ॅसिड आणि ३ किलो बोरॅक्स. दोन्ही थोड्या गरम पाण्यात आधी विरघळवून मग टाकीत ओता, नाहीतर तळाशी गाळ बसतो आणि तुम्ही नुसत्या पाण्यात बांबू भिजवत बसता.

आपल्या दुकानाला किती काठ्या लागतील? सांगाड्याला, म्हणजे खांब, कैच्या, छपराचे आडवे वासे आणि तिरपे आधार, मिळून साधारण १,००० फूट काठी लागते. एका काठीचे १८ फूट कामाचे धरले आणि तोडफोड धरली, तर ७० काठ्या. भिंतींच्या कुडासाठी चिरायला आणखी ५०. म्हणजे एकूण १२० काठ्या.

या १२० काठ्या दोन घाण्यांत भिजवायच्या. २० फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणा आणि त्यात जाड ताडपत्री अंथरा. त्यात साठेक काठ्या रचल्यावर वरून सुमारे १,००० लिटर द्रावण मावतं. म्हणजे २० किलो बोरिक अ‍ॅसिड आणि ३० किलो बोरॅक्स. पहिला घाणा निघाला की द्रावण फेकायचं नाही. जेवढं कमी झालं तेवढं त्याच प्रमाणात पुन्हा भरायचं आणि दुसरा घाणा टाकायचा.

इथे तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली, काठ्या ताज्याच भिजवा, तोडल्यापासून दोन-चार दिवसांत. ओल्या काठीत औषध आतल्या पाण्यातून पसरतं, वाळक्या काठीत ते आत जायला कुरकुर करतं. शक्य तेवढ्या काठ्या हव्या त्या मापाला कापूनच टाकीत टाका. नंतर कापली की कापलेल्या तोंडाला औषध नसतं. तिथे जाड द्रावण ब्रशने लावावं लागतं आणि ते नेमकं विसरलं जातं.

दुसरी, बांबूची बाहेरची साल पाणी आत घेत नाही. पोकळ बांबू असेल तर लांब लोखंडी सळईने आतले सगळे पडदे फोडतात, म्हणजे द्रावण आतून शिरतं. माणगा भरीव असल्याने ते जमत नाही. म्हणून प्रत्येक कांड्यात ड्रिलने तीन-चार मिलिमीटरची दोन बारीक भोकं पाडा, आणि किमान १४ दिवस भिजवा. जवळ प्रेशर ट्रीटमेंटची सोय असेल, तर भरीव काठीला तीच जास्त खात्रीची. निदान खांब आणि कैच्यांच्या काठ्या तरी तिथून करून घ्या.

तिसरी, काठ्या तरंगतात. वर दगड ठेवून सगळ्या बुडवा. अर्धी काठी वर राहिली, तर ती अर्धी भुंगेऱ्यासाठी मोकळी.

भिजवून झाल्यावर सावलीत, उभ्या टेकवून, तीन-चार आठवडे सुकवा. उन्हात टाकल्या तर चिरतात. काम करताना हातमोजे घाला, गुरं आणि मुलं टाकीजवळ येऊ देऊ नका. उरलेलं द्रावण शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, बोरॉन जास्त झाला की पिकं जळतात. ते दुसऱ्या कुणाच्या बांबूला वापरा.

दुसरी सोय: पाण्यापासून लांब ठेवणं

आता गंमत बघा. हेच औषध पाण्यात विरघळतं म्हणून आत जातं आणि पाण्यात विरघळतं म्हणूनच बाहेरही येतं. प्रक्रिया केलेला बांबू सतत पावसात भिजला किंवा जमिनीत पुरला, तर औषध हळूहळू धुऊन जातं. म्हणजे 'ट्रीटमेंट केलीय, आता पुरला तरी चालतो' हा समज चुकीचा आहे.

सर्वसाधारण अनुभव असा आहे की प्रक्रिया न केलेली काठी जमिनीत पुरली तर एक ते तीन वर्षं टिकते. छपराखाली, जमिनीपासून वर असेल तर चार ते सात. प्रक्रिया केलेली आणि कोरडी ठेवलेली काठी दहा-पंधरा वर्षं हिशेबात धरायला हरकत नाही. म्हणजे औषध आणि कोरडेपणा ही जोडी आहे, एकाने काम भागत नाही.

आपल्या उदाहरणात कोरडेपणा असा मिळवायचा. जोतं जांभ्या चिऱ्याचं, आजूबाजूच्या जमिनीपासून किमान दीड फूट उंच. भिंतीचा खालचा दोन फुटांचा भागही चिऱ्याचाच. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते नेमकं याच पट्ट्यात येतं. त्याच्या वर बांबूचा कूड आणि त्यावर शेण-मातीचा किंवा चुना-सिमेंटचा गिलावा. छप्पर भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी तीन फूट पुढे काढायचं. पुढच्या बाजूला ते गिऱ्हाइकालाही उभं राहायला उपयोगी पडतं.

खांब थेट जोत्यावरही टेकवायचा नाही. खाली काँक्रीटचा ठोकळा, त्यात पक्की बसवलेली लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीच्या दोन पाकळ्यांमध्ये खांबाचा बुडखा बोल्टने धरलेला. बुडखा आणि काँक्रीट यांत बोटभर फट ठेवा. त्या फटीमुळे पाणी साचत नाही, आणि दुसरा फायदा म्हणजे वाळवी वर चढायला लागली की तिची मातीची नळी लगेच डोळ्यांना दिसते. बंद सांध्यात ती दोन वर्षं गुपचूप खात राहते.

तिसरी सोय: छप्पर उडू न देणं

काँक्रीटच्या इमारतीला स्वतःचं वजन धरून ठेवतं. बांबू हलका. हलकेपणा भूकंपात फायद्याचा असतो, पण वादळात तोच उलटतो. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते, दोन्ही वादळांत कोकणात काय झालं ते आपण पाहिलंय. तेव्हा एक ढोबळ हिशेब करू.

आपल्या दुकानाचं छप्पर तीन-तीन फूट पुढे काढलेलं आहे, म्हणून उतारासकट त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस मीटर होतं. ताशी १४० किलोमीटरचा वारा धरला, तर दर चौरस मीटरला साधारण ९० किलोचा जोर येतो. सगळा वर उचलणारा धरला तर ३६ गुणिले ९०, म्हणजे ३,२४० किलो. पत्रा आणि बांबू मिळून छपराचं स्वतःचं वजन ६०० किलोच्या आसपास. ते वजा केलं की राहिले सुमारे २,६०० किलो. आपण आठ खांब धरलेत, दर ५ फुटांवर एक, दोन्ही बाजूंना चार-चार. म्हणजे प्रत्येक खांब सव्वातीनशे किलोने वर ओढला जातो, आणि कोपऱ्यातले खांब त्याहून जास्त.

आता बघा, जमिनीत नुसता रोवलेला बांबू सव्वातीनशे किलोला धरून राहील का? नाही ना. म्हणून प्रत्येक खांबाखाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा. त्याचं वजन सुमारे ५४० किलो भरतं. त्यातून आलेली लोखंडी पट्टी खांबाला धरते.

पण ठोकळा कितीही जड असला तरी वरचं सगळं त्याला नीट बांधलेलं हवं. पत्रा वाशाला, वासा कैचीला, कैची खांबाला, खांब पट्टीला आणि पट्टी ठोकळ्याला. ही एक साखळी आहे. यात एका ठिकाणी सुतळी किंवा खिळा आला, की साखळी तिथेच तुटते. बांबूत खिळा ठोकायचाच नाही. बांबूचे धागे लांबीच्या दिशेने असतात. ओढ त्यांना उत्तम सहन होते, पण पाचर मारली की काठी सरळ उभी चिरते, आणि खिळा म्हणजे पाचरच. आधी ड्रिलने भोक पाडा, मग १० किंवा १२ मिलिमीटरचा गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर. भोक गाठीच्या जवळ घ्या आणि काठीचं टोकही गाठीच्या जरा पुढेच कापा. गाठ चिरेला अडवते. पोकळ बांबू वापरत असाल, तर बोल्टच्या कांड्यात सिमेंटचा मसाला भरावा लागतो, नाहीतर बोल्ट आवळताना काठी चेपते.

आणखी एक, चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. म्हणून दोन्ही लांब बाजूंच्या टोकाच्या गाळ्यांत आणि मागच्या भिंतीत तिरप्या काठ्या फुलीसारख्या लावा. पुढची बाजू दुकानासाठी उघडी ठेवायचीय, तर तिथल्या दोन्ही कोपऱ्यांत खांब आणि आडव्या काठीमध्ये लहान तिरपे आधार द्या. उघड्या बाजूने वारा आत शिरून छप्पर आतूनही ढकलतो. म्हणून वादळाचा इशारा आला की पुढची फळी बंद करायची, दुकान चालू ठेवायचं नाही.

हा हिशेब अंदाज यावा म्हणून आहे. बांबूच्या बांधकामासाठी आयएस १५९१२ हा भारतीय मानक कोड आहे. स्थानिक इंजिनिअरला तो नंबर सांगा आणि तुमचं चित्र एकदा तपासून घ्या. त्या फीमध्ये काटकसर करू नका.

बांबूचं दुकान कशासाठी चालतं, कशासाठी नाही

विक्रीचं दुकान, नर्सरीचं ऑफिस, कृषी पर्यटनातली एखादी खोली, हातकामाची शेड, यांना बांबू छान. भज्यांचा गाडा आत घ्यायचाय, सतत चूल पेटती ठेवायचीय, तर नको. बांबू पेटतो, आणि पोकळ बांबू पेटला की कांडी फटाक्यासारखी फुटतात. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत आगीला काही वेळ अडवते, पण उघड्या कैच्यांना तो आधार नाही. वायरिंग पाइपमधूनच करा. मासे धुणं, फळांचा गर काढणं असं सतत ओलं काम असेल, तरी बांबू नको. आणि मालाची पोती-बरण्या छपराला किंवा खांबाला टांगू नका, मांडणी जमिनीवर उभी करा.

व्यवसायाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आता. सूक्ष्म उद्योगांच्या आग-विमा पॉलिसीत ज्या इमारतीची भिंत किंवा छप्पर बांबूचं आहे, ती 'कच्चं बांधकाम' या व्याख्येत येते. म्हणजे विमा घेताना बांबू आहे हे लिहून द्यायचं. 'पक्कं' असं टिक करून हप्ता वाचवला आणि उद्या आग लागली, तर दावा तिथेच अडकेल आणि आतला लाखभराचा काजू तुमच्या खिशातून जाईल. बँकेकडून कर्ज घेत असाल, तर तारण म्हणून ही इमारत किती धरतील हे बांधायच्या आधी विचारा. बांधून झाल्यावर विचारलं, तर उत्तर बदलत नाही.

आता खर्चाची तुलना. हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे दर तुम्ही टाका. समजा, प्रक्रिया न करता, काठ्या पुरून शेड १ लाखात झाली आणि ४ वर्षं टिकली. वर्षाला २५,००० पडले. तीच शेड औषध, चिऱ्याचं जोतं आणि बोल्ट घालून १ लाख ४० हजारात झाली आणि १२ वर्षं टिकली. वर्षाला ११,७०० च्या आसपास. देखभालीचे वर्षाला ३,००० धरले तरी १५,००० च्या आत. शिवाय पहिल्या शेडमध्ये दर चार वर्षांनी दुकान बंद ठेवून नव्याने बांधायचं, तो धंद्याचा तोटा आपण धरलेलाच नाही. खर्च कधीही 'किती लागले' असा विचारू नका, 'वर्षाला किती पडले' असा विचारा.

दरवर्षी एप्रिलमध्ये अर्धा दिवस

बांधून झाल्यावर पहिला उन्हाळा गेला की काठ्या थोड्या आक्रसतात आणि बोल्ट सैल होतात. पाना घेऊन सगळे पुन्हा आवळायचे. पुढे दर एप्रिलला, पावसाच्या आधी, हीच फेरी.

काठीखाली पीठ दिसलं तर पुसून टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. परत पडलं असेल तर भुंगेरा जिवंत आहे. भोकांत सिरिंजने बोरिकचं द्रावण सोडा. कांडी बोटाने वाजवून ती पोकळ, भकास वाजली तर ती काठी बदला. खांबाच्या बुडख्यात स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला तर कूज सुरू झालीय. चार काठ्यांच्या खांबाचा इथे एक फायदा आहे: छपराला तात्पुरता टेकू देऊन एकेक काठी बदलता येते, सगळा खांब काढावा लागत नाही. चीर गाठ ओलांडून पुढच्या कांड्यात गेली असेल, तर तिथे लोखंडी पट्टी आवळा आणि बदलायची तयारी ठेवा.

मग माती ठोकलेली भिंत कुठे?

आता कोकणातून घाटावर, कमी पावसाच्या भागात जाऊ. तिथे चांगला बांबू लांबून आणावा लागतो, पण उन्हाळा कडक असतो. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता आत यायला उशीर लावते, म्हणून दुपारी दुकान सुसह्य राहतं. रॅम्ड अर्थमध्ये दोन फळ्यांच्या साच्यात किंचित ओलसर माती सुमारे सहा इंचांच्या थराने टाकतात आणि ती चार इंचांच्या आसपास येईपर्यंत ठोकतात, मग पुढचा थर. भिंत एक फूट किंवा त्याहून जाड असते. पाण्याचा सोस कमी व्हावा म्हणून बरेच जण पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळतात.

इथे सगळं मातीवर अवलंबून आहे. काळी माती बिलकुल नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. वाळू आणि खडी जास्त, चिकण माती थोडी, अशी मुरमाड माती हवी. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली वाळू बसते, वर चिकण मातीचा थर. वरचा थर खालच्या वाळूपेक्षा बराच पातळ असेल तर पुढे जा. ओलावा किती, त्यासाठी मुठीत गोळा करून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडी, आणि तसाच चपटा राहिला तर ओली.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. मातीच्या भिंतीलाही उंच जोतं आणि पुढे आलेलं छप्पर लागतंच. भिंतीखालची जमीन काळी असेल, तर पाया मुरुमापर्यंत खोल न्यावा लागतो आणि तिथेच स्वस्ताई संपते. आणि भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-धाराशिव भागात जी घरं पडली, त्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं असं बांधकाम मोठ्या प्रमाणात होतं. ती रॅम्ड अर्थ नव्हती, पण धडा तोच: जड भिंत, वर जड छप्पर आणि दोघांना बांधणारा पट्टा नाही, हे घातक आहे. म्हणून माती वापरली तरी भिंतीच्या डोक्यावर सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला आणि छप्पर हलकं ठेवा.

या आठवड्यात करायचं काम

वही घ्या आणि चार ओळी लिहा. तुमच्या २० किलोमीटरच्या आत तीन वर्षांवरचा बांबू कुणाकडे आहे? तुमची माती काळी की मुरमाड? जागेवर पावसाचं पाणी कुठून येतं आणि किती उंच चढतं? आणि आत होणारं काम कोरडं आहे, ओलं आहे की आगीचं? या चार उत्तरांवरून बांबू, माती की सरळ चिरा-वीट, हे बहुतेक तिथेच ठरेल. ठरलं की मग गवंड्याकडे जा, आधी नाही.

बांबू ठरला, तर तोडणीचा महिना आतापासून धरून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात तोडणी आणि लगेच भिजवणं, जानेवारीभर सुकवणं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधकाम. या गणिताने एप्रिलला दुकान उभं राहतं. मे महिन्यात बांबू शोधायला निघालात, तर हाताला लागेल ती कोवळी, ओली काठी घ्यावी लागते आणि पाऊस डोक्यावर असतो.